मिनो किल्ला, ५५ वरचा उंट आणि हातातला घोडा

*प्रश्न: बुद्धिबळ बरं खेळतो, शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ मात्र नवीन आहे. राजाभोवतीची बचावाची मांडणी, मिनो किल्ला, पूर्ण बांधूनही दोन चालींत मात झाली. मारलेली सोंगटी परत टाकता येते, एवढ्यानं इतका फरक पडतो?*

पडतो, आणि तुमच्या किल्ल्यातच तो नीट दिसतो. उभ्या ओळी उजवीकडून, आडव्या वरून मोजू. राजा २८ वर, सिल्व्हर ३८, गोल्ड ४९ आणि ५८. घोडा २९, लान्स १९, समोरची प्यादी सातव्या ओळीत जागच्या जागी. बुद्धिबळाच्या डोळ्यांना हे अभेद्य वाटतं.

आता प्रतिस्पर्ध्याचा उंट ५५ वर आहे, ४६ रिकामं आहे आणि त्याच्या हातात एक घोडा नि एक गोल्ड आहे. तो घोडा ३६ वर टाकतो. शह! ३७ चं प्यादं त्याला मारू शकत नाही, कारण ते हललं की उंटाची तिरकी रेघ थेट राजावर उघडते. घोड्याच्या शहात मध्ये काही टाकून अडवताही येत नाही. राजाला १८ किंवा ३९ एवढीच घरं उरतात. कुठेही गेला तरी २८ वर गोल्ड पडतो आणि मात होते. त्या गोल्डला घोड्याचा जोर आहे, म्हणून राजा त्याला मारू शकत नाही, आणि सिल्व्हर शेजारीच असला तरी आडवा चालत नाही. (प्यादं टाकून थेट मात देणं नियमात बसत नाही, गोल्डला तशी मनाई नाही.)

बुद्धिबळात हाच घोडा तिथे पोहोचायला तीन-चार चाली घेईल आणि तुम्हाला येताना दिसेल. इथे तो एका चालीत हजर होतो. शिवाय बुद्धिबळात मारामारी झाली की पट रिकामा होतो, हल्ल्याचा जोर ओसरतो. शोगीत प्रत्येक अदलाबदलीनंतर दोघांच्याही हातात दारूगोळा वाढतो. म्हणून शेवटाकडे सोंगट्यांची किंमत मोजण्यापेक्षा कोणाची मात एक चाल आधी लागते, हे मोजावं लागतं.

उपाय फार अवघड नाहीत. १७ चं प्यादं वेळेत १६ वर सरकवा. मग घोड्याच्या शहावर राजा १७ वर निसटतो, तिथे त्या गोल्डचा मारा नाही. हल्ला संपत नाही, पण लगेच मात टळते. किंवा ४७ चं प्यादं ४६ वर नेऊन रेघ बंद करा. मात्र उंट तेच प्यादं मारून रेघ पुन्हा उघडू शकतो का, हे आधी बघा. रिकाम्या घरात स्वतःची सोंगटी टाकूनही किल्ला दुरुस्त करता येतो, पण त्यात एक चाल जाते.

उंट ५५ वर आला की पुढची सवय लावून घ्या: घोडा देऊन हत्ती मिळत असला तरी आधी समोरच्याच्या हातात गोल्ड आहे का बघा. असेल, तर तुम्ही दिलेला घोडा ३६ वरच पडणार आहे.