उन्नत कोन आकृतीत नेमका कुठे लिहायचा?

प्रश्न: मनोऱ्यापासून ३० मी दूर उभ्या मुलाचे डोळे जमिनीपासून १.५ मी वर आहेत. टोकाचा उन्नत कोन ६०° आहे. आकृती कशी काढू आणि उंची किती?

उत्तर: आकृती जमिनीपासून नको, डोळ्यापासून सुरू करा. डोळा A. तिथून आडवी रेघ ओढा, ती मनोऱ्याला B मध्ये मिळते; AB = ३० मी. टोक C, काटकोन B पाशी. ६०° मात्र A पाशीच, आडव्या रेघेच्या वर. पुष्कळ मुलं तो C पाशी लिहितात आणि BC १७.३२ मी येते. कोन ४५° पेक्षा मोठा असताना BC ही AB पेक्षा मोठीच हवी, त्यावरून चूक लगेच कळते.

tan ६०° = BC/AB, म्हणून BC = ३०√३ ≈ ५१.९६ मी. B जमिनीच्या १.५ मी वर आहे, तेवढे मिळवा: मनोरा सुमारे ५३.४६ मी.