व्हर्बल ऑटोप्सीला, म्हणजे घरच्यांशी बोलून मृत्यूच्या कारणाची माहिती घ्यायला, पहिल्यांदा जाताय ना, मग हे वाचा

सगळ्यांची पहिली चूक हीच, घरचे म्हणतात ‘हार्ट अटॅकने गेले’ आणि आपण तेच लिहून मोकळे. अहो, शेवटी हृदय सगळ्यांचंच थांबतं, त्याआधी काय काय झालं, कशानंतर काय, किती दिवस, ते विचारा. मला एका घरी असंच सांगितलेलं, मग बोलता बोलता कळलं की तीन महिने खोकला, संध्याकाळी ताप, कपडे ढगळ झालेले, शेवटी थुंकीतून रक्त. डॉक्टरांनी कारण टीबी ठरवलं.

- आजारपणात जवळ होता त्याच्याशीच बोला.
- शब्द त्यांचेच लिहा, निदान तुम्ही करू नका, दोन डॉक्टर वेगवेगळे वाचून कारण ठरवतात आणि त्यांच्यापुढे फक्त तुमचा कागद असतो.
- छातीत दुखलं नाही, सूज नव्हती, हे ‘नव्हतं’ पण लिहा.

आजारांचे आणि मृत्यूच्या कारणांचे आयसीडी कोड वगैरे नंतर बघू.