कुकर सोमवारपासून सिंकमध्ये आहे

"रूममेट घरातली कामं करत नाही. बोलले की भांडण होतं, गप्प बसले तर माझीच चिडचिड. म्हणून मेसेज लिहिते, पण तो पाठवला की आणखीच बिघडतं. कसं सांगू?"

जूनमध्ये मुली नव्या फ्लॅटवर राहायला येतात आणि ऑगस्टपर्यंत हा प्रश्न माझ्यासमोर दोन-तीनदा तरी येतो. मागच्या वर्षी कर्वेनगरहून आलेली एक मुलगी आठवते. तिला स्नेहा म्हणूया आणि तिच्या रूममेटला रिया. खुर्चीत बसायच्या आधीच तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. रात्री पावणेबाराला लिहिलेला, अजून न पाठवलेला मेसेज होता:

"तुला कधीच काही दिसत नाही का? तीन दिवस तुझा कुकर सिंकमध्ये सडतोय. मी इथे तुझी मोलकरीण म्हणून राहत नाहीये. तुझ्या घरी असं चालत असेल, इथे चालणार नाही. बाकीच्यांनाही हेच वाटतं." शेवटी हात जोडलेलं चित्र.

पुण्यात टोमणा ही कला मानली जाते. पाटीवर तो शोभतोही, पण त्याने कुकर घासला जात नाही.

मी तिला मेसेज सुधारायला सांगितलं नाही. प्रत्येक वाक्यापुढे रियाचं उत्तर लिहायला सांगितलं. स्नेहाला ते लगेच सुचत गेलं. 'कधीच' पुढे तिने लिहिलं, "परवा ओला कचरा मीच खाली नेला होता." 'मोलकरीण' पुढे, "मी कधी म्हटलं तसं?" 'तुझ्या घरी' पुढे पेन थांबलं. "मॅडम, इथे ती 'माझ्या आईवर गेलीस' म्हणून रडेल." 'बाकीच्यांनाही' पुढे, "कोण म्हणालं, नाव सांग." फक्त कुकरच्या वाक्यापुढे तिने लिहिलं, "घासते."

पाचातल्या चार वाक्यांनी रियाला कुकर सोडून दुसऱ्याच गोष्टीवर भांडायला जागा दिली होती. बोचतात ती हीच वाक्यं. ती काढली तर मुद्द्यातलं काहीच कमी होत नाही.

दुसऱ्या वेळी ती नवा मसुदा घेऊन आली: "हाय, सॉरी, राग मानू नकोस, जमलं तर भांड्यांचं जरा बघशील का?" डंख गेला होता, पण मुद्दाही गेला होता. कुठली भांडी, कधीपर्यंत, काहीच कळत नव्हतं. रागावलेली माणसं मऊ व्हायला गेली की बहुतेकदा अशीच पाणचट होतात.

मग मी सहज विचारलं, "कुकर तीन दिवस तसाच होता, मग तू जेवलीस काय?"

"मॅगी."

"तिन्ही दिवस?"

ती गप्प झाली. हिंजवडीहून घरी पोचायला तिला रात्रीचे दहा वाजायचे. वरण-भात लावायला घरात तो एकच कुकर होता. सडणं, मोलकरीण, आई, सगळं मेसेजमध्ये आलं होतं, पण 'मी उपाशी राहते' हे कुठेच नव्हतं.

"रियाला हे माहीत आहे?"

"कळायला नको का तिला?"

हा 'कळायला नको का' ऐकला की माझे कान टवकारतात. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर मी वाढले. माणूस 'असं झालं तर बरं' या इच्छेचं 'असं झालंच पाहिजे' करून बसतो आणि तिथून स्वतःला पेटवतो, हे त्याचं म्हणणं मला रोज पटतं. रियाला कळलं असतं तर बरंच झालं असतं. पण ती नऊला दार लावून झोपायची. तिला कळणार कुठून?

शेवटचा मेसेज स्नेहाने माझ्यासमोरच लिहिला. मी एकच शब्द बदलला, 'तुझा कुकर'मधला 'तुझा' काढला:

"रिया, कुकर सोमवारपासून सिंकमध्ये आहे. मी रात्री दहाला येते तेव्हा वरण-भाताला तोच लागतो. तीन दिवस मॅगी खाल्ली, म्हणून चिडले आहे. आज मी यायच्या आत घासून ठेवशील का? भांड्यांचं कसं करायचं ते रविवारी चहा घेताना ठरवू."

'चिडले आहे' मुद्दाम ठेवलं. राग लपवला की तो पुढच्या मेसेजमध्ये टोमणा होऊन बाहेर पडतो. मेसेज फ्लॅटच्या ग्रुपवर न टाकता फक्त रियाला पाठवायचा ठरला, तोही सकाळी. रात्री लिहिलेलं आधी स्वतःच्याच नंबरवर पाठवून ठेवावं. व्हॉट्सॲपवर दुरुस्तीला पंधराच मिनिटं मिळतात आणि डिलीट केलं तरी खूण मागे राहते. काय पुसलं असेल याची कल्पना समोरची व्यक्ती मूळ मेसेजपेक्षा वाईटच करते.

असे दोन-तीन सरळ मेसेज जाऊनही काही हललं नाही, तर चौथा लिहीत बसू नये. तिथे अडचण शब्दांची नसते. मग कामवाल्या मावशींचे पैसे वाटून घ्यायचे की करार संपल्यावर वेगळं व्हायचं, हे समोरासमोर बोलावं.

रियाचं उत्तर वीस मिनिटांत आलं: "घासते. मॅगीचं माहीत नव्हतं गं. पण बाथरूम दर शनिवारी मीच धुते, ते कुणाला दिसतं का?"

स्नेहा मला हे वाचून दाखवताना हसत होती. शनिवारी ती गावी जायची. बाथरूम कोण धुतं, याचा विचारच तिने कधी केला नव्हता.