साडेबारा फेऱ्यांचा हिशेब

"पाच किलोमीटरसाठी चारशे मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या माराव्या लागतात, हे मला ठाऊक आहे. पण सहावी-सातवी संपली की आठवी चालू आहे की नववी, तेच कळेनासं होतं. मग धास्ती बसते आणि वेगही बिघडतो. माझं लक्षच कमकुवत आहे का?"

वेगवेगळ्या वयाच्या लोकांकडून हे गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यातल्या शेवटच्या प्रश्नाकडेच माझं आधी लक्ष जातं. फेऱ्या चुकणं ही अडचण आहे. तिच्यावरून माणूस स्वतःबद्दल जो निकाल देतो, तो मात्र वेगळाच प्रकार आहे. अशाच एका चाळिशीतल्या बाईंची गोष्ट सांगते.

त्या आल्या तेव्हा त्यांच्याकडे दोन आकडे होते. पहिल्या धावेची वेळ २७ मिनिटं ३८ सेकंद. ही वेळ पाहून त्या हरखल्या होत्या, पण कडेला बसून फेऱ्या मोजणाऱ्या मैत्रिणीने सांगितलं की एक फेरी कमी पडली. पुढच्या धावेची वेळ ३२ मिनिटं २० सेकंद. "म्हणजे आधीची वेळ खोटी, आणि खरी धाव इतकी संथ," असं त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "मॅडम, मला साधं बारापर्यंत मोजताही येत नाही."

अशा वेळी "येतं हो तुम्हाला" असा धीर देऊन काही साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. मनात घट्ट बसलेल्या समजुतीला दुसऱ्याच्या शब्दांनी धक्का लागत नाही. तिला स्वतःच्याच नोंदींसमोर उभं करावं लागतं. म्हणून मी त्यांना कागद-पेन्सिल दिली.

"तुम्हाला किती वेळात पाच किलोमीटर धावायचं होतं?"

"तीस मिनिटांत."

"मग एका फेरीला किती वेळ?"

त्यांनी अठराशे सेकंदांना साडेबाराने भागलं. १४४ सेकंद, म्हणजे २ मिनिटं २४ सेकंद. हा भागाकार नको असेल तर एक सोपी वाट आहे. एकूण जितकी मिनिटं, त्यांना ४.८ ने गुणा, फेरीचे सेकंद मिळतात. तीस मिनिटांना १४४, पंचवीस मिनिटांना बरोबर १२०.

"आता ती कमी फेऱ्यांची धाव घ्या. साडेअकरा फेऱ्या, २७ मिनिटं ३८ सेकंद."

उत्तर आलं १४४ सेकंदांहून किंचित जास्त. त्यांनी भुवया उंचावल्या, पण बोलल्या काहीच नाहीत.

"आणि ३२ मिनिटं २० सेकंद? त्या दिवशी किती फेऱ्या मारल्या होत्या?"

"साडेबाराच असतील. पण मागच्या खेपेला कमी पडली होती ना, म्हणून कदाचित खात्रीसाठी एक जास्तीची मारली असेल. नक्की आठवत नाही."

घड्याळात त्या दिवशीच्या पहिल्या तीन फेऱ्यांच्या वेळा जपलेल्या होत्या, पुढे त्या बटण दाबायला विसरल्या होत्या. २:२३, २:२५, २:२४. मी म्हणाले, "साडेतेरा धरून भागून बघा." उत्तर आलं १४३.७ सेकंद. साडेबारा फेऱ्या धरल्या तर प्रत्येक फेरीला १५५ सेकंद येत होते, म्हणजे पहिल्या तीन फेऱ्यांशी त्यांचा मेळच बसत नव्हता.

त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे दोन्ही दिवशी मी एकाच वेगाने धावले?"

"अर्ध्या सेकंदाचा फरक. एवढी सम चाल फार थोड्यांना साधते."

या क्षणासाठी मी आधीची सगळी बोलणी पणाला लावली होती, असं म्हटलं तरी चालेल. "मला मोजता येत नाही" हे वाक्य त्यांनी स्वतःबद्दलचं सत्य म्हणून आणलं होतं. त्यांच्याच दोन फसलेल्या धावांनी ते खोडून काढलं. डोक्यातली मोजणी चुकत होती, पण पाय दर फेरीला तोच हिशेब चोख ठेवत होते. आणि मला स्वतःला जे उमगलं ते असं: चाल इतकी सम असेल तर फेऱ्या लक्षात ठेवण्याची गरजच उरत नाही. घड्याळच सांगतं की आपण कितव्या फेरीवर आहोत.

हे नीट उलगडून सांगते, कारण सगळी गंमत इथेच आहे. एक फेरी चुकली तर घड्याळात २ मिनिटं २४ सेकंदांचा फरक पडतो. वेग थोडा मागेपुढे झाला, दर फेरीला अगदी तीन सेकंद उशीर होत गेला, तरी आठ फेऱ्यांनंतर तो फरक जेमतेम २४ सेकंद भरतो. म्हणजे आठवी की नववी हा संशय आला, तर दोन उत्तरांमधलं अंतर इतकं मोठं असतं की किरकोळ चढउतारांनी ते झाकलं जात नाही.

फक्त त्यासाठी अर्धी फेरी कुठे बसवायची हे आधी ठरवायला हवं. या बाई अंतिम रेषेवरून निघत, त्यामुळे अर्धी फेरी अगदी शेवटी, थकलेल्या डोक्याने लक्षात ठेवावी लागे. शर्यतीत पाच हजार मीटरची सुरुवात ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूने होते. आधी दोनशे मीटर धावून अंतिम रेषा ओलांडायची, मग बारा पूर्ण फेऱ्या. शेवट अंतिम रेषेवरच होतो. शर्यतीत तिथे उरलेल्या फेऱ्यांचा फलक असतो आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते. सरावात घंटा नसते, म्हणून घड्याळाला ते काम द्यायचं.

दोनशे मीटर आणि दोन फेऱ्या मिळून एक हजार मीटर होतात. पुढच्या पाच फेऱ्या म्हणजे आणखी दोन हजार, आणि त्यापुढच्या पाच म्हणजे शेवट. तीस मिनिटांच्या धावेत अंतिम रेषेवर सहा मिनिटांना दोन फेऱ्या, अठराला सात आणि तिसाला बारा. बाईंनी एवढंच पाठ केलं: सहाला दोन, अठराला सात. तुमचं लक्ष्य वेगळं असेल तर एकूण वेळेच्या पाचव्या हिश्शाला दोन आणि तीन पंचमांशाला सात फेऱ्या पूर्ण व्हायला हव्यात. पंचवीस मिनिटांसाठी पाचला दोन, पंधराला सात.

दुसरी खोट मला बहुतेकांच्या बोलण्यात सापडते. रेषा ओलांडताना माणूस मनात "सात" म्हणतो, पण सातवी झाली की सातवी सुरू झाली हे ठरवलेलं नसतं. पहिल्या फेऱ्यांत त्याने काही बिघडत नाही. दमल्यावर एका फेरीला एक अर्थ लागतो, पुढच्या फेरीला दुसरा, आणि एक फेरी गडप होते किंवा वाढते. म्हणून मी एकच रीत पाळायला लावते. रेषेवर फक्त पूर्ण झालेल्या फेऱ्यांचा आकडा म्हणायचा, तोही ओठांतून ऐकू येईल असा. पहिल्या दोनशे मीटरनंतर "शून्य" म्हणायचं. लोकांना हे विचित्र वाटतं, पण सुरुवातीचा तो शून्य पुढचा घोळ टाळतो.

आणि हो, मधल्याच फेऱ्या हरवतात त्यात लक्षाचा दोष नाही. पहिली फेरी ताजी असते, शेवटची वेगळी वाटते. मधल्या सगळ्या फेऱ्यांना तेच वळण, तीच रेषा, तीच दमणूक. एकीपासून दुसरी वेगळी करायला मनाला काही खूणच मिळत नाही, आणि आकडा एकदा म्हटल्यावर पुढे अडीच मिनिटं तो तसाच सांभाळावा लागतो.

पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, "आठ म्हटलं की नऊ, तिथे पुन्हा गडबडले. रेषेवर घड्याळ पाहिलं, २२:४०. आठ असत्या तर २०:२४ च्या आसपास असायला हवं होतं. म्हणजे नऊच. नऊ म्हटलं आणि पुढे धावले." त्या दिवशीची एकूण वेळ होती २९ मिनिटं ४१ सेकंद.

आता या रीतीच्या मर्यादा. ती सम चालीवर उभी आहे. पहिले दोनशे मीटर ७२ सेकंदांऐवजी साठमध्ये उडवले, तर पुढे पाय जड होतात, फेऱ्या लांबत जातात आणि उशीर साठत साठत अर्ध्या फेरीएवढा, म्हणजे ७२ सेकंदांच्या जवळ आला की घड्याळाचं उत्तर संदिग्ध होतं. म्हणून पहिली वेळ दोनशेलाच बघा, ७० च्या आत असाल तर तिथेच सावरा. मध्ये चालणाऱ्यांना ही रीत लागू पडत नाही. त्यांनी दर रेषेला घड्याळाचं फेरीचं बटण दाबावं किंवा रबराची बारा कडी एका मनगटात घालून दर फेरीला एक दुसऱ्या मनगटात सरकवावं.

लेनही बघायला हवी. चारशे मीटर अंतर फक्त सगळ्यात आतल्या लेनचं असतं. पुढची प्रत्येक लेन साधारण सात ते पावणेआठ मीटरने वाढते, चौथ्या लेनमधली फेरी सुमारे ४२२ मीटरची होते. तिथे त्याच वेगाने धावलात तरी फेरीला १५२ सेकंद लागतील आणि तुम्ही उगाच स्वतःला दोष द्याल. घड्याळ उपग्रहावरून अंतर दाखवतं, तेही वळणांवर चुकतं. म्हणून ट्रॅकवर अंतर रेषेचंच मानावं.

गेल्या वेळी बाई आल्या तेव्हा त्यांनीच वहीत लिहून आणलं होतं: अठ्ठावीस मिनिटं, फेरीला १३४.४ सेकंद, ५:३६ ला दोन, १६:४८ ला सात. पहिल्या दोनशेचा आकडा तेवढा राहिला होता. मी पेन्सिल पुढे केली, त्यांनी १:०७ लिहिलं.