कुंभ राशीच्या व्हिडिओचं शीर्षक

प्रश्न: राशिभविष्याच्या व्हिडिओला शीर्षक आणि वर्णन कसं द्यावं, म्हणजे तो शोधणाऱ्याला सापडेल, पण हमी किंवा भीती दाखवावी लागणार नाही?

‘सावधान’ हा शब्द कुणी शोधत नाही. लोक रास, ग्रह आणि वर्ष टाइप करतात. धाकट्या भावाला हे मी अजून सांगतोच आहे.

चॅनल आम्हा दोघांचं. बोलतो मी, अपलोड तो करतो. 29 मार्च 2025 ला शनी मीनेत आला, तेव्हा मी कुंभ राशीवर बोललो. साडेसातीचा शेवटचा टप्पा लागला, शनी दुसऱ्या स्थानी आहे, पैसा आणि घरातली बोलाचाली सांभाळा, एवढंच. भावाने शीर्षक ठोकलं: ‘कुंभ राशी सावधान! मोठं संकट, 100% खरं’. दुसऱ्या दिवशी एका बाईंची कमेंट आली: ‘दादा, मुलाचं ऑपरेशन ठरलंय, पुढे ढकलू का?’

मी हादरलो. व्हिडिओत आजारपणाचा शब्दही नव्हता. डॉक्टरांनी दिलेली तारीख अजिबात बदलू नका, असं त्यांना लगेच कळवलं आणि शीर्षक बदललं:

‘कुंभ रास साडेसाती शेवटचा टप्पा: शनी मीन राशीत 2025 ते 2027 | चंद्रराशीनुसार’

यूट्यूब शीर्षकाला 100 अक्षरं देतं, पण मोबाइलवर शेपूट कापलं जातं. म्हणून रास आणि विषय आधी. ‘चंद्रराशीनुसार’ लिहिल्यामुळे सूर्यरास बघणारा चुकून येत नाही. वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत कोणती रास, कोणता काळ, कोणतं अयनांश (आमचं लाहिरी) हे साध्या वाक्यात सांगा. पुढे एका वाक्यात ‘कुंभ राशी’ आणि Kumbh Rashi Sade Sati ही रूपंही येऊ द्या, कारण बरेच जण रोमनमध्ये टाइप करतात. टॅगवर वेळ घालवू नका. त्यांचा उपयोग नगण्य आहे, हे यूट्यूब स्वतःच सांगतं. फार तर चुकीची स्पेलिंगं तिथे टाका.

स्थानांचे विषय कसे लिहायचे? ‘नोकरी जाणार’ नको, ‘नोकरीबद्दल काय पाहतात’ चालेल. शोधाचा शब्द ‘नोकरी’ आहे, तो दोन्हीकडे आहेच. ‘जाणार’ने शोधात काडीची भर पडत नाही.

भाऊ म्हणतो, पहिल्या दिवशी क्लिक कमी आले. आले, मान्य. पण जुन्या शीर्षकावर आलेले लोक अर्ध्या मिनिटात निघून जात होते, कारण संकट कुठे आहे ते त्यांना सापडतच नव्हतं. प्रेक्षक टिकण्याचा आलेख सुरुवातीलाच कोसळला, तर शीर्षक खोटं बोलतंय असं समजा. ॲनालिटिक्समध्ये ‘यूट्यूब सर्च’ उघडून लोकांनी काय टाइप केलं ते पाहा. आमच्याकडे ‘कुंभ साडेसाती कधी संपणार’ वर होतं. ‘संकट’ यादीत नव्हतंच.

एक मात्र आहे. शोधातून न येता होम पेजवरून येणाऱ्यांना थंबनेल आधी दिसतं. तिथे लाल अक्षरात ‘अनर्थ’ असेल, तर शीर्षक कितीही शांत असो, काही उपयोग नाही. आमचं थंबनेल बदलायला मला आणखी आठवडाभर भांडावं लागलं.