ऑनलाइन विकायच्या वस्तूचं वर्णन कसं तपासावं?

प्रश्न: माझं भांड्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. वर्णनं मन लावून लिहिली आहेत, तरी गिऱ्हाईक फोन करून तेच तेच विचारतात आणि वस्तू परतही येतात. वर्णनात काय चुकतंय ते कसं ओळखू?

उत्तर:

मी दादरला राहते आणि काही वर्षांपासून छोट्या दुकानांची अशी वर्णनं तपासून देते. तुमचाही व्यवसाय भांड्यांचाच आहे, म्हणून बिडाच्या तव्याचं एक उदाहरण देते. त्या दुकानाचं मूळ वर्णन असं होतं:

"प्रीमियम दर्जाचा बिडाचा तवा. अतिशय टिकाऊ आणि मजबूत. आरोग्यासाठी सर्वोत्तम, १०० टक्के नैसर्गिक. डोसे, घावन, भाकरी सगळ्यासाठी उत्तम. सर्व शेगड्यांवर चालतो. वर्षानुवर्षं टिकेल."

मी पहिल्यांदा वर्णनाची छापील प्रत काढते आणि प्रत्येक वाक्यातला 'तवा' खोडून तिथे 'कुकर' लिहून बघते. वाक्य तसंच्या तसं खपलं, तर ते तव्याबद्दल काहीच सांगत नव्हतं. 'प्रीमियम दर्जाचा' तिथेच गळतं. मग एकच गोष्ट किती वेळा आली ते मोजते. इथे टिकाऊ, मजबूत आणि वर्षानुवर्षं टिकेल, म्हणजे एकच मुद्दा तीनदा, आणि तोही अर्धवट. बीड गंजलं तर घासून, तेल लावून पुन्हा वापरता येतं हे खरं. पण ते ठिसूळ असतं. ओट्यावरून लादीवर पडलं तर तडकू शकतं, तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तरी तडकू शकतं. 'टिकाऊ' वाचून घेतलेला तवा पहिल्याच आठवड्यात तडकला, की गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटणारच. म्हणून ते तिन्ही उल्लेख काढून या दोन गोष्टी लिहिल्या. मालक आधी घाबरले, "असं लिहिलं तर घेणार कोण?" मला मात्र हे वाक्य पानावर हवंच होतं, कारण तवा कसा सांभाळायचा ते त्यातूनच कळतं.

'आरोग्यासाठी सर्वोत्तम' आणि 'नैसर्गिक' सरळ काढायला लावलं. बिडाच्या भांड्यातून अन्नात थोडं लोह उतरतं, आंबट पदार्थात जास्त, एवढंच म्हणता येतं. 'सर्वोत्तम' कशाच्या तुलनेत, हे कोणी विचारलं तर दुकानदाराकडे उत्तर नव्हतं. 'सर्व शेगड्यांवर' यातही गोम होती. बीड इंडक्शनवर तापतं, पण बूड सपाट असेल तरच नीट. दुकानात सपाट आणि खोलगट असे दोन तवे होते आणि दोघांखाली हेच वाक्य चिकटवलेलं होतं.

आता जे लिहिलेलंच नव्हतं त्याबद्दल, कारण परत येणाऱ्या वस्तूंचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. हे वर्णन कितीही वाचलं तरी सापडत नाही. त्यासाठी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न आणि माल परत करताना लोकांनी दिलेली कारणं काढून वाचावी लागतात. या तव्याबद्दल चारच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते. किती जड आहे? माप दांड्यासकट की दांडा सोडून? पहिल्या डोशाला काळं का लागलं? धुवायचा कसा?

मग तवा, वजनकाटा आणि टेप घेऊन बसलो. वजन भरलं २ किलो १०० ग्रॅम. एका हाताने उचलून डोसा ताटात सरकवायची सवय असलेल्या एका आजींनी तो परत का केला, ते तिथेच कळलं. पानावर 'आकार १८ इंच' लिहिलं होतं, ते दांड्यासकट निघालं. तव्याचा व्यास फक्त २८ सेंटीमीटर, दांडा १८ सेंटीमीटर. आपल्या मुंबईच्या दोन बर्नरच्या शेगडीवर एवढा दांडा शेजारच्या बर्नरवर जातो, आणि तिथे आमटी उकळत असली की तो तापतो. हेही लिहिलं.

बदललेलं वर्णन असं झालं:

"बिडाचा सपाट तवा, डोसे, घावन, आंबोळीसाठी. व्यास २८ सेंमी, दांडा वेगळा १८ सेंमी. वजन २ किलो १०० ग्रॅम, उचलताना दोन हात लावा. गॅस आणि इंडक्शन दोन्हींवर चालतो. शेजारचा बर्नर चालू असेल तर दांडा तापतो. तेल लावून तापवलेला येतो. पहिल्यांदा कोमट पाण्याने धुऊन, गॅसवर कोरडा करून तेलाचा हात फिरवा. सुरुवातीचे एक-दोन डोसे काळपट निघू शकतात. पाण्यात भिजत ठेवला तर गंजतो, उंचावरून पडला किंवा तापलेला असताना गार पाणी ओतलं तर तडकू शकतो."

पॅकबंद माल असेल तर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी आणि माल आयात केलेला असेल तर तो कोणत्या देशात बनला हे पानावर आहे ना, तेही बघा. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ते ऑनलाइनही दाखवावं लागतं.

आणि मापं पुरवठादाराच्या यादीवरून उतरवू नका. माल बदलला की वजनही बदलतं, म्हणून नवा लॉट आला की त्यातला एक तवा काट्यावर ठेवून पानावरचा आकडा पुन्हा जुळवा.