आधी कूस बघा, मग पट्टे

फोटोंवरून वाघ ओळखायचा तर पट्टे जुळवून बघतात; पण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात. नवखा माणूस हमखास चुकतो तो इथेच: एका फोटोतली डावी कूस दुसऱ्या फोटोतल्या उजव्या कुशीशी ताडतो आणि एकाच वाघाचे दोन करून बसतो. म्हणूनच कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात.

जुळवताना पूर्ण अंगभर नजर फिरवू नका. खांद्यामागे, बरगड्यांवर एखादी ठळक खूण धरा. समजा, डाव्या कुशीवर एक पट्टा खाली जाताना दुभंगलाय आणि त्याच्या मागे मिटलेलं लांबट कडं आहे. आता दुसऱ्या डाव्या फोटोत तोच दुभंग, तेच कडं, त्याच क्रमाने शोधा. अशा तीन खुणा जुळल्या तर वाघ तोच समजायला हरकत नाही. पण स्पष्ट दिसणारी एकच खूण ठामपणे वेगळी असेल, तर वाघ दुसरा.

पट्ट्यांची जाडी आणि अंतर यांवर मात्र विसंबू नका. वाघ तिरका उभा असला की पट्टे दाटल्यासारखे दिसतात, पोट भरलेलं असलं की फाकतात. दुभंग मात्र दुभंगच राहतो. बिबट्यातही हेच, फक्त पट्ट्यांऐवजी ठिपक्यांच्या फुलांची मांडणी बघायची.